कृती संशोधनासाठी मुख्याध्यापकांना परवानगीचे पत्र कसे लिहावे

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा असतो, आणि बऱ्याच महाविद्यालयांत याच काळात कृती संशोधनाचा एक छोटा प्रकल्प करावा लागतो. त्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागते. महाविद्यालय इंटर्नशिपसाठी शाळेला पत्र पाठवतेच, पण त्या पत्राने फक्त तुमची शाळेतली उपस्थिती आणि पाठ मंजूर होतात. एखाद्या वर्गाची चाचणी घेऊन त्या मुलांच्या उत्तरपत्रिका अहवालासाठी वापरणे ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी वेगळे पत्र द्यावे.

मुख्याध्यापक हे पत्र वाचताना चार गोष्टी शोधतात: कोणता वर्ग, किती तासिका, त्यात अभ्यासक्रम मागे पडणार का, आणि मुलांविषयीचे काय शाळेबाहेर जाणार. तुमचे संशोधनाचे उद्दिष्ट त्यांना त्यानंतर वाचायचे असते. नवीन छात्राध्यापकांची पत्रे नेमकी उलटी असतात. पहिला अर्धा कागद कृती संशोधनाच्या व्याख्येत जातो आणि तासिकांचा उल्लेख 'आवश्यक त्या तासिका उपलब्ध करून द्याव्यात' एवढ्यावर संपतो. असे पत्र टेबलावर पडून राहते, कारण त्यावर हो म्हणणे म्हणजे किती तासिकांना हो म्हणणे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे: इयत्ता सहावी, गणित, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३ या उदाहरणाचे उत्तर अनेक मुले २/५ लिहितात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, म्हणजे अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर अर्ध्याहून कमी उरले, हे त्यांच्या लक्षात येत नाही. कागदी पट्ट्या वापरून ही चूक कमी होते का, हे पाहायचे आहे.

पत्राआधी विषयशिक्षकांना भेटा

पत्र लिहायला बसण्यापूर्वी त्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना भेटा. मुख्याध्यापकांच्या हातात पत्र पडले की त्यांचा पहिला प्रश्न 'बाईंशी बोललात का?' हा असतो, आणि 'नाही' म्हटले की पत्र परत येते. या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली, हा घटक त्यांच्या वार्षिक नियोजनात कोणत्या आठवड्यात आहे. प्रकल्प त्याच आठवड्यात बसवला तर तुम्ही अभ्यासक्रमातलाच भाग शिकवत असता आणि कोणाचीही तासिका वाया जात नाही. शिकवून झालेला घटक पुन्हा घ्यायचा असेल तर सगळ्या तासिका जादा धरल्या जातात, आणि मग परवानगी अवघड होते.

दुसरी, वर्गाचे वेळापत्रक. गणिताच्या तासिका कोणत्या वारी, कितव्या, किती मिनिटांच्या, हे वहीत उतरवून घ्या. शेवटची तासिका चाचणीसाठी घेऊ नका. पावसाळ्यात गाडी लवकर सुटते म्हणून काही मुले उठून जातात आणि तुमच्या उत्तरपत्रिका अपुऱ्या राहतात.

तिसरी, शाळेचे त्या महिन्यातले कार्यक्रम. घटक चाचणी कधी आहे, १५ ऑगस्टच्या कवायतीचा सराव कधी सुरू होतो, गणेशोत्सवाची आणि दिवाळीची सुट्टी कधी लागते. स्वातंत्र्यदिनाआधीच्या दोन-तीन दिवसांत सरावासाठी कोणती तासिका जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून उत्तर चाचणी तेव्हा ठेवू नये. दहावीचा वर्ग शक्यतो मागूच नका. चौथी आणि सातवीला शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी असते, त्यामुळे दुसऱ्या सत्रात या वर्गांच्या जादा तासिकाही भरलेल्या असतात. सहावी त्या मानाने मोकळी.

तासिकांचा हिशेब

ही पत्राची खरी कणा असलेली बाजू आहे, म्हणून ती कागदावर नीट मांडावी. आपल्या उदाहरणात ३५ मिनिटांच्या सहा तासिका लागतात. एक पूर्व चाचणीला, चार शिकवण्याला, एक उत्तर चाचणीला. यातल्या चार तासिका नियोजनातल्याच घटकाच्या आहेत. म्हणजे शाळेकडून जादा मागायच्या तासिका फक्त दोन. पत्रात हे असेच लिहायचे: 'एकूण सहा, त्यांपैकी जादा दोन.' नुसते 'सहा तासिका' लिहिले तर मुख्याध्यापकांच्या मनात सहाही जादा धरल्या जातात.

आता तारखा. समजा २०२६-२७ या वर्षाचे पहिले सत्र आहे. पूर्व चाचणी बुधवार २९ जुलै. शिकवण्याच्या तासिका शुक्रवार ३१ जुलै, सोमवार ३, मंगळवार ४ आणि बुधवार ५ ऑगस्ट. उत्तर चाचणी शुक्रवार ७ ऑगस्ट. शिवाय १० आणि ११ ऑगस्ट हे दोन दिवस राखीव. जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना अचानक सुट्टी जाहीर करणे नवे नाही. राखीव दिवस आधीच पत्रात असले तर तारीख पुढे गेल्यावर नवे पत्र द्यावे लागत नाही.

पूर्व चाचणी आणि पहिला पाठ यांच्यात एक दिवस मोकळा सोडला आहे, तो मुद्दाम. वर्गातल्या ४२ मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून कोणत्या मुलाने कोणत्या प्रकारची चूक केली हे वेगळे काढायला एक संध्याकाळ पुरत नाही. चुकांची विभागणी न करताच शिकवायला गेलात तर पूर्व चाचणी घेतल्याचा उपयोग होत नाही.

दुसरी तुकडी तुलनेसाठी मागायचा मोह टाळा. सहावी 'अ'ला नेहमीच्या पद्धतीने आणि 'ब'ला पट्ट्यांनी शिकवून फरक पाहायचा, ही प्रायोगिक संशोधनाची रचना झाली. कृती संशोधनात एकाच वर्गाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाची तुलना पुरेशी असते. दोन तुकड्या मागितल्या की दोन विषयशिक्षक, दोन वेळापत्रके आणि 'एका वर्गाला वेगळे का शिकवले?' हा पालकांचा प्रश्न, एवढे सगळे मुख्याध्यापकांच्या अंगावर येते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी दुसरी तुकडी घ्यायलाच सांगितले असेल, तर उत्तर चाचणीनंतर 'अ' तुकडीलाही हाच उपक्रम दिला जाईल असे पत्रात स्पष्ट लिहा आणि त्याची तारीख द्या.

साहित्याचाही हिशेब करून ठेवा, कारण खर्च कोणाचा हे विचारले जाते. पट्टी १२ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद. १२ ही लांबी घ्यायचे कारण, अर्धा म्हणजे ६, तिसरा भाग ४, चौथा ३ आणि सहावा २ सेंटिमीटर असा पूर्ण आकड्यात येतो. १/२ आणि १/३ च्या पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की १० सेंटिमीटर होतात, आणि त्यांच्याखाली सहाव्या भागाचे बरोबर पाच तुकडे बसतात. २/५ ला तिथे जागाच राहत नाही. (पाचवा भाग मात्र २.४ सेंटिमीटर येतो, म्हणून पहिल्या तासिकांत छेद ५ घेऊ नये.) ४२ मुलांच्या २१ जोड्या, प्रत्येक जोडीला पाच पट्ट्या, म्हणजे १०५. ए-फोर आकाराच्या एका जाड कागदातून अशा २० पट्ट्या निघतात, तेव्हा सहा कागद पुरतात. पत्रात एवढेच लिहायचे की साहित्य छात्राध्यापिका स्वतः आणेल. बाकीचा हिशेब तोंडी विचारले तर सांगता यावा.

मुलांची माहिती

मुलांविषयी तुम्ही काय गोळा करणार आणि ते कुठे जाणार, हे पत्रात दोन-तीन वाक्यांत पण अचूक यायला हवे. 'माहिती गोपनीय ठेवली जाईल' हे वाक्य सगळ्यांच्याच पत्रात असते आणि त्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: दोन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका घेतल्या जातील, अहवालात नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असेल, फोटो किंवा चित्रीकरण केले जाणार नाही.

सांकेतिक क्रमांक म्हणून हजेरी क्रमांक वापरू नका. शाळेतल्या कोणालाही हजेरीपत्रक उघडून 'क्रमांक १७ म्हणजे कोण' हे एका मिनिटात शोधता येते. वि-१, वि-२ असे क्रमांक चिठ्ठ्या उचलून द्या आणि नाव व क्रमांकाची यादी वेगळ्या कागदावर स्वतःजवळ ठेवा. अहवाल जमा झाला, तोंडी परीक्षा झाली की ती यादी फाडून टाका.

शाळेच्या नावाबाबत मात्र खोटे आश्वासन देऊ नका. अहवालाच्या शेवटी बहुतेक महाविद्यालयांना शाळेचा दाखला जोडून हवा असतो आणि त्यावर शाळेचे नाव आणि शिक्का असतोच. म्हणून 'शाळेचे नाव कोठेही येणार नाही' असे लिहिणे चुकीचे. 'शाळेचे नाव फक्त दाखल्यावर व परवानगीच्या पत्रावर येईल' हे खरे आहे, तेच लिहा.

फोटोंचा मुद्दा अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो मोबाइलमध्ये घेऊन गटात टाकण्याची सवय शाळांत सर्रास आहे, पण तुम्ही शाळेत पाहुणे आहात आणि त्या फोटोंची जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. अहवालाला छायाचित्र लागतच असेल तर बाकावर मांडलेल्या पट्ट्यांचे आणि मुलांच्या हातांचे घ्या. तेवढ्याने उपक्रम कळतो.

आणखी एक ओळ अत्यावश्यक आहे: या चाचण्यांचे गुण आकारिक मूल्यमापनात धरले जाणार नाहीत. ही ओळ नसेल तर विषयशिक्षकांना प्रश्न पडतो की हे गुण नोंदवायचे का, आणि पालकांना वाटते की मुलाची परीक्षा झाली आणि आपल्याला कळलेच नाही.

पत्राचा नमुना

ए-फोर कागदाची एक बाजू, याहून मोठे पत्र नको. मुख्याध्यापिका असतील तर 'महोदया', मुख्याध्यापक असतील तर 'महोदय'. 'महोदय/महोदया' असा तयार छापील मजकूर ठेवून एक शब्द खोडायचा राहिला की पत्र कोणत्याही शाळेला दिलेले वाटते. शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल तर प्रमुखांचे पद 'प्राचार्य' असू शकते. दारावरची पाटी पाहून घ्या.

दिनांक : १३ जुलै २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे पूर्ण नाव व पत्ता)

मार्फत : मा. प्राचार्य, (अध्यापक महाविद्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : इयत्ता सहावी 'ब' या वर्गात गणित विषयात कृती संशोधन करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आमच्या महाविद्यालयाचे इंटर्नशिपबाबतचे पत्र, जा. क्र. ______, दि. ______

महोदया,

मी वरील महाविद्यालयात बी.एड. द्वितीय वर्षात शिकत असून सध्या आपल्या शाळेत इंटर्नशिप करत आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मला एक कृती संशोधन करायचे आहे. त्यासाठी सहावी 'ब' या वर्गात २९ जुलै ते ७ ऑगस्ट २०२६ या काळात गणिताच्या सहा तासिका मिळाव्यात, ही विनंती.

यांपैकी चार तासिकांत मी 'भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज' हा वार्षिक नियोजनात याच काळात असलेला घटक कागदी पट्ट्यांच्या साहाय्याने शिकवेन. उरलेल्या दोन तासिका, २९ जुलै आणि ७ ऑगस्ट, प्रत्येकी २० गुणांच्या लेखी चाचणीसाठी लागतील. म्हणजे जादा तासिका दोन आहेत. शाळेला सुट्टी जाहीर झाल्यास १० व ११ ऑगस्ट हे दिवस राखीव धरले आहेत.

अशी बेरीज करताना अंशात अंश व छेदात छेद मिळवण्याची चूक या वयात वारंवार आढळते. पट्ट्यांच्या वापराने ती कमी होते का, हे पाहणे हा संशोधनाचा हेतू आहे.

चाचण्यांचे गुण आकारिक मूल्यमापनात धरले जाणार नाहीत. उत्तरपत्रिका फक्त माझ्या अहवालासाठी वापरल्या जातील. अहवालात विद्यार्थ्यांच्या नावांऐवजी सांकेतिक क्रमांक असतील. शाळेचे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर व या पत्रावर येईल. फोटो किंवा चित्रीकरण केले जाणार नाही. साहित्य मी स्वतः आणेन.

विषयशिक्षिकांशी या नियोजनाबाबत चर्चा झाली असून त्यांची स्वाक्षरी खाली घेतली आहे. काम संपल्यावर निष्कर्षांची एक प्रत शाळेला सादर करीन.

तरी वरीलप्रमाणे परवानगी मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी, नाव, हजेरी क्रमांक, मोबाइल क्रमांक)

विषयशिक्षिकेची स्वाक्षरी : ____________
मार्गदर्शक प्राध्यापकांची स्वाक्षरी : ____________

सोबत : १) तासिकांचे वेळापत्रक २) पूर्व चाचणीची प्रश्नपत्रिका ३) पालकांसाठीच्या सूचनेचा मसुदा

या पत्रातली तिसऱ्या परिच्छेदाची भाषा लक्षपूर्वक पाहा. 'आपल्या शाळेतील विद्यार्थी अपूर्णांकांत कच्चे असल्याचे निदर्शनास आले आहे' असे वाक्य अनेक पत्रांत असते. ते मुख्याध्यापकांना आणि विषयशिक्षकांना लागते, आणि ते खरेही नसते, कारण पूर्व चाचणी अजून व्हायची आहे. चूक मुलांच्या वयाची म्हणून लिहा, शाळेची म्हणून नाही. 'परिणामकारकता', 'गृहीतके', 'न्यादर्श' हे शब्द अहवालात येतील. पत्रात त्यांची गरज नाही.

उत्तर चाचणीची प्रश्नपत्रिका सोबत जोडू नये. कागद स्टाफरूममध्ये फिरतो, एखादे उदाहरण सरावाला घेतले जाते, आणि मग उत्तर चाचणीत वाढलेले गुण कशाने वाढले हे सांगता येत नाही. मुख्याध्यापकांनी पाहायला मागितली तर नक्की दाखवा, पण दाखवून परत घ्या.

पालकांना काय कळवायचे

नेहमीचा घटक, नेहमीच्या वर्गात, दोन छोट्या लेखी चाचण्या, एवढेच असेल तर बऱ्याच शाळांना पालकांना सूचना देणे पुरेसे वाटते. मुलांच्या मुलाखती, घरच्या परिस्थितीविषयी प्रश्नावली, ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण यांपैकी काहीही असेल तर पालकांची सही असलेले संमतीपत्र घ्या. दोन्हींपैकी काय करायचे याचा निर्णय मुख्याध्यापकांचा. तुम्ही फक्त मसुदा तयार ठेवायचा. सूचना इतकी साधी पुरते:

'सहावी ब च्या पालकांस, आपल्या पाल्याच्या वर्गात २९ जुलै ते ७ ऑगस्ट या काळात बी.एड.च्या छात्राध्यापिका अपूर्णांक हा घटक कागदी पट्ट्यांच्या मदतीने शिकवतील व दोन छोट्या चाचण्या घेतील. या गुणांचा वार्षिक निकालाशी संबंध नाही. आपल्या पाल्याची उत्तरपत्रिका त्यांच्या अहवालात नावाशिवाय वापरली जाऊ नये असे वाटत असल्यास वर्गशिक्षकांना २८ जुलैपर्यंत कळवावे.'

एखाद्या पालकाने नकार दिला तर ते मूल वर्गाबाहेर बसवायचे नाही. ते पट्ट्यांनी शिकेल, चाचणीही सोडवेल, फक्त त्याची उत्तरपत्रिका तुमच्या तक्त्यात येणार नाही. ४२ ऐवजी ४१ विद्यार्थी, असे अहवालात कारणासह लिहिले की झाले.

पत्र देण्याची पद्धत

पहिल्या चाचणीच्या निदान दोन आठवडे आधी पत्र शाळेत पोहोचले पाहिजे. उदाहरणात १३ जुलै ते २९ जुलै असे १६ दिवस ठेवले आहेत, त्यातले पहिले दोन-तीन दिवस महाविद्यालयातच जातात. आधी मार्गदर्शकांची सही, मग प्राचार्यांची सही आणि जावक क्रमांक, मग शाळा, हा क्रम मोडू नका. 'मार्फत' लिहून प्राचार्यांची सही न घेता पत्र थेट शाळेत दिले तर कार्यालयातूनच परत पाठवतात.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात लिपिकांकडे द्या. ते आवक नोंदवहीत नोंद करून क्रमांक टाकतील. दुसऱ्या प्रतीवर तोच आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. हीच तुमची पोच. पत्र मुख्याध्यापकांच्या हातात देऊन 'ठीक आहे, करा' एवढ्यावर परत येऊ नका. तोंडी होकार खरा असतो, पण अहवालाच्या परिशिष्टात तो जोडता येत नाही, आणि मधेच मुख्याध्यापक रजेवर गेले तर पर्यवेक्षकांना त्याची माहिती नसते.

परवानगी बहुतेक वेळा वेगळ्या पत्राने येत नाही. मुख्याध्यापक तुमच्याच पत्राच्या समासात शेरा लिहितात, म्हणून डावीकडे चार सेंटिमीटरचा समास आणि तळाशी चार-पाच ओळींची जागा सोडा. शेरा नीट वाचा. 'परवानगी देण्यात येत आहे' आणि 'विषयशिक्षकांच्या उपस्थितीत परवानगी' यांत फरक आहे. दुसऱ्या शेऱ्याचा अर्थ सहाही तासिकांना बाई वर्गात असतील. बाई त्या वेळी रजेवर असतील तर तुमचा पाठ होणार नाही. 'चर्चा करावी' असा शेरा हा नकार नसतो. त्याच दिवशी वेळ मागून भेटा, वेळापत्रकाचा कागद सोबत न्या आणि भेटीनंतर अंतिम शेरा लिहून घ्या. शेरा मिळाला की त्याची छायाप्रत काढा, कारण मूळ पत्र शाळेच्या दफ्तरातच राहते.

जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा असेल तर मुख्याध्यापक वरिष्ठ कार्यालयाचे पत्र मागू शकतात. ते तुम्ही स्वतः आणायला जायचे नसते, महाविद्यालयाने पाठवायचे असते. म्हणून शाळा कोणत्या व्यवस्थापनाची आहे हे पाहून मार्गदर्शकांना आधीच विचारा. या एका कागदासाठी दोन-तीन आठवडे जाऊ शकतात.

तारखांचा मेळ

परवानगीच्या तारखेआधी एकही चाचणी घेऊ नका, 'सराव म्हणून' सुद्धा नाही. अहवाल तपासताना परीक्षक परिशिष्टातली तारीख आणि पूर्व चाचणीची तारीख शेजारी ठेवून पाहतात. चाचणी २२ जुलैची आणि शेरा २४ जुलैचा असेल तर ते सारे काम परवानगीविना झालेले ठरते. मागची तारीख टाकून नवे पत्र करणे हा त्यावरचा उपाय नाही. आवक नोंदवहीतले क्रमांक ओळीने असतात आणि मागच्या तारखेचा क्रमांक केव्हाच दुसऱ्या पत्राला गेलेला असतो. अशा वेळी ती चाचणी बाजूला ठेवा आणि परवानगीनंतर समान काठिण्याची नवी प्रश्नपत्रिका काढून पुन्हा घ्या. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर मुलांना प्रश्न ओळखीचे झालेले असतात.

मधे काही बदलले तर किती बदलले त्यावर पुढचे ठरते. तारीख राखीव दिवसांत सरकली तर विषयशिक्षिकांना सांगणे पुरे. तुकडी बदलली, तासिका वाढल्या किंवा मुलांच्या मुलाखती घ्यायचे ठरले, तर आधीच्या पत्राचा आवक क्रमांक संदर्भात देऊन चार ओळींचे नवे पत्र द्या आणि त्यावर पुन्हा शेरा घ्या.

परवानगी नाकारली गेली तर कारण विचारा, ते बहुधा तासिकांचे असते. जादा तासिका दोनवरून एकीवर आणता येतात: पूर्व चाचणी २० गुणांऐवजी १० गुणांची करायची, पाच उदाहरणे, १५ मिनिटे, आणि ती पहिल्या पाठाच्या तासिकेतच घ्यायची. अशाने शिकवण्याआधी चुका तपासायला वेळ मिळत नाही, त्यामुळे त्या तासिकेचा उरलेला वेळ फक्त पट्ट्या कापणे आणि मोजणे यालाच द्यावा आणि बेरजेला दुसऱ्या दिवशी हात घालावा. हा बदल करून सुधारित पत्र दिले तर ते सहसा मंजूर होते.

दाखल्यासाठी शेवटच्या दिवशी धावपळ करू नका. उत्तर चाचणी तपासून झाली की चाचण्यांची सरासरी, कोणत्या चुका कमी झाल्या, कोणत्या तशाच राहिल्या, हे सांगणारे एक पान विषयशिक्षिकांना आणि मुख्याध्यापकांना द्या, आणि त्याच वेळी दाखल्याचा टंकलिखित मसुदा द्या. त्यात वर्ग, घटक, तासिकांची संख्या आणि प्रत्यक्ष तारखा असाव्यात, आणि त्या शेरा असलेल्या पत्राशी तंतोतंत जुळाव्यात.